घटस्फोट ठरल्यावर मित्रांना काय सांगायचे, काय मागायचे

घटस्फोटाचा निर्णय नवरा-बायकोच्या बाहेर पहिल्यांदा जातो तो पुष्कळदा आईवडिलांकडे नव्हे, तर एखाद्या जवळच्या मैत्रिणीकडे किंवा मित्राकडे. आईवडिलांना सांगितले की बैठका बसतात, मामा-काका गोळा होतात, ‘थोडं सबुरीनं घ्या’ सुरू होते. मैत्रीण निदान ऐकून तरी घेईल, असा हिशेब असतो. तो नेहमी बरोबर येतोच असे नाही. बातमी ऐकलेली मैत्रीण चिडते, सल्ले देते, दुसऱ्या दिवशी न विचारता नवऱ्याला फोन लावते, किंवा काय बोलावे ते न सुचून महिनाभर गायब होते. यातले फारच थोडे वाईट हेतूने घडते. आपल्याकडून नेमके काय हवे आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते, म्हणून आपण काय करायचे ते तिचे तीच ठरवते.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ पॉल बोहॅनन यांनी १९७० मध्ये अशी मांडणी केली की एका घटस्फोटात सहा वेगवेगळे घटस्फोट असतात: भावनेचा, कायद्याचा, पैशाचा, मुलांच्या संगोपनाचा, भोवतालच्या माणसांचा आणि स्वतःच्या मनाचा. यातला पाचवा फारसा कोणाच्या हिशेबात नसतो. जोडीने येणारी आमंत्रणे, ठरलेल्या सहली, सोसायटीतली ऊठबस, दोघांनीही आपले मानलेले मित्र, या सगळ्याची वाटणी कुठल्याही करारात लिहिली जात नाही. ती सुरू होते पहिल्या मित्राला बातमी सांगितली त्या दिवशी. समाजशास्त्रज्ञ डायॅन व्हॉन यांनी विभक्त झालेल्या माणसांच्या मुलाखतींवरून १९८६ मध्ये ‘अनकपलिंग’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे एक निरीक्षण इथे उपयोगी आहे. वेगळे होण्याची गोष्ट बाहेरच्या माणसांना सांगणे ही नुसती माहिती देणे नसते, ती वेगळे होण्याचीच एक पायरी असते. जितक्या जास्त लोकांना सांगावे तितके मागे फिरणे अवघड होत जाते. म्हणून कोणाला सांगायचे याच्याइतकाच केव्हा सांगायचे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी कोर्टाच्या वेळापत्रकात असते.

आपल्याकडे समजुतीने होणाऱ्या घटस्फोटाला बोलताना सगळे ‘म्युच्युअल’ म्हणतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार त्यासाठी नवरा-बायको किमान एक वर्ष वेगळे राहत असावे लागतात. मग दोघांचा मिळून एक अर्ज दाखल होतो. अर्जानंतर निदान सहा महिने थांबून, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टापुढे येऊन ‘आमचा निर्णय कायम आहे’ असे सांगायचे, की घटस्फोटाचा हुकूम होतो. सहा महिन्यांची ही मुदत माफ करता येते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग यांच्या खटल्यात सांगितले. मात्र त्यासाठी जोडपे बराच काळ वेगळे राहत असले पाहिजे, पोटगी आणि मुलांच्या ताब्यासारखे प्रश्न मिटलेले असले पाहिजेत आणि समेटाची शक्यता उरलेली नसली पाहिजे. त्याआधी १९९१ मध्ये सुरेष्टा देवी खटल्यात याच न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या. एक, वेगळे राहणे म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे. ते एका छपराखालीही असू शकते. दोन, संमती हुकूम होईपर्यंत टिकली पाहिजे. तोवर दोघांपैकी कोणीही ती मागे घेऊ शकतो.

मित्रांना सांगण्याच्या दृष्टीने यातला शेवटचा मुद्दा कळीचा आहे. अर्ज दाखल झाला म्हणजे सगळे झाले असे मानून लोक सैल बोलू लागतात. ‘फ्लॅट माझ्याकडे राहतोय, तो तयार झालाय’ एवढे वाक्य मैत्रिणीला सांगितले जाते, मैत्रिणीच्या नवऱ्याकडून ते क्रिकेटच्या ग्रुपमधल्या कोणाला तरी कळते, आणि आठवड्याभरात नवऱ्याच्या भावाच्या कानावर ‘त्याला गुंडाळलं’ अशा रूपात पोचते. ज्याने कागदावर सही केलेली असते तो घरच्यांच्या टोमण्यांनी बिथरतो आणि पुढच्या तारखेला हजर राहत नाही. म्युच्युअल मोडले की वाट उरते ती आरोप-प्रत्यारोपांच्या दाव्याची, आणि ती वर्षानुवर्षे चालते.

म्हणून सांगण्याचे दोन टप्पे केलेले बरे. निर्णय पक्का झाला पण अटी ठरायच्या आहेत, या काळात एखाद्याच माणसाला सांगावे. हा माणूस कसा ओळखायचा, याची एक साधी खूण आहे: तो दुसऱ्यांची गुपिते आपल्याला सांगतो का? सांगत असेल तर आपलेही कुठेतरी सांगणारच. बाकीच्या मित्रांना सांगायचे ते अटी लिहून झाल्यावर आणि मुलांना सांगून झाल्यावर. मुलांच्या बाबतीत हा क्रम चुकू देऊ नये. जवळच्या मित्रांची मुले बहुधा आपल्या मुलांच्याच शाळेत किंवा त्याच सोसायटीत असतात, मोठ्यांचे बोलणे त्यांच्या कानावर पडते, आणि मग आईवडील वेगळे होणार हे मुलाला स्कूल व्हॅनमध्ये कळते. मुलांना आधी, शक्यतो दोघांनी मिळून सांगितले, की मित्रांना सांगताना ‘हिला माहीत आहे, तिच्यापुढे कुजबुजू नका’ असे स्पष्ट म्हणता येते.

आता प्रत्यक्ष बोलण्याविषयी. मराठी घरांत वाईट बातमी आडवळणाने सांगण्याची रीत आहे. ‘आमचं हल्ली जमत नाहीये गं, बघू काय होतंय’ असे वाक्य सांगणाऱ्याला पुरेसे स्पष्ट वाटते, कारण त्याच्या मनात निर्णय झालेला असतो. ऐकणाऱ्याला मात्र ते समेट घडवून आणण्याचे आमंत्रण वाटते. ‘बघू’ या शब्दाने दार उघडे ठेवलेले असते, आणि चांगला मित्र त्या दारातून आत शिरतोच. वाक्यात तीन गोष्टी आल्या तर हा घोटाळा होत नाही: निर्णय झाला आहे का, तो कोणाचा आहे आणि गाडी कुठवर आली आहे. उदाहरणार्थ, ‘आम्ही दोघांनी घटस्फोट घ्यायचं ठरवलंय. म्युच्युअल आहे. वकिलांशी बोलणं झालंय, पुढच्या महिन्यात अर्ज जाईल.’ निर्णय एकाचाच असेल तर तेही लपवू नये. ‘तिने ठरवलंय, मला नको होतं, पण मी आता अडवणार नाही’ हे म्हणणे जिवावर येते. तरी ‘आम्ही ठरवलं’ असे खोटे सांगून पुढे वर्षभर ते निभावण्यापेक्षा ते सोपे असते.

यानंतरचा प्रश्न ठरलेला: ‘पण झालं काय?’ मित्राला तो विचारण्याचा हक्क आहे. त्याचे पूर्ण उत्तर मिळण्याचा नाही. एका ओळीचे कारण आधीच तयार ठेवलेले असावे आणि ते सगळ्यांना सारखेच सांगावे. ‘चार-पाच वर्षं दोघांनी प्रयत्न केला, समुपदेशनही झालं, नाही जमलं. यापलीकडचं आत्ता नको’ एवढे पुरते. एकीला सासूचे, दुसरीला पैशाचे आणि तिसऱ्याला संशयाचे कारण सांगितले, तर ते तिघे भेटतात तेव्हा तीन कहाण्या जुळवत बसतात.

तपशील राखून बोलण्याला कायद्याचेही कारण आहे. वकिलाशी झालेले बोलणे कायद्याने संरक्षित असते. कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशकाशी झालेले बोलणेही गोपनीय ठेवायचे असते, आणि पक्षकाराने मागणी केली तर सुनावणी बंद दाराआड होते. मित्राशी झालेल्या बोलण्याला असे कोणतेही कवच नाही. त्याला साक्षीला बोलावता येते आणि त्याच्या फोनमधले मेसेज कोर्टापुढे येऊ शकतात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने या न्यायालयांना पुराव्याच्या बाबतीत बरीच मोकळीक दिलेली आहे: वाद सोडवायला उपयोगी पडेल असे न्यायाधीशांना वाटले तर नेहमीच्या नियमांत न बसणारा कागदही ते पाहू शकतात. जुलै २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराशी झालेले, त्याच्या नकळत रेकॉर्ड केलेले संभाषणही घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखल होऊ शकते असा निर्णय दिला. म्युच्युअल सुरळीत पार पडले तर यातले काहीच उकरले जात नाही. ते मोडले की मात्र रात्री दोन वाजता रागाच्या भरात मैत्रिणीला पाठवलेली व्हॉइस नोट महागात पडू शकते. मुलांचा ताबा, दागिने, जोडीदाराचे उत्पन्न आणि कोणावरचाही आरोप, या गोष्टी लिहून पाठवायच्या नाहीत. बोलायच्याच असतील तर समोरासमोर.

इथवर झाले ते बातमी देण्याचे. मदत मागण्याचा भाग याहून अवघड असतो, कारण ‘काही लागलं तर सांग हं’ असे सगळेच म्हणतात आणि कोणी काही सांगत नाही. म्हणणाऱ्याला आपण मदत देऊ केली असे वाटते. ऐकणाऱ्याला मात्र काय मागायचे, कितीदा मागायचे आणि समोरच्याला ते जड तर जाणार नाही ना, हे सगळे ठरवण्याचे काम नव्याने लागते.

आधार एकाच जातीचा नसतो. जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये त्याचे चार प्रकार सांगितले: मायेचा, प्रत्यक्ष कामाचा, माहितीचा आणि आपले काही चुकत नाही ना याची शहानिशा करून देणारा. पुढे कॅरोलिन कट्रोना आणि डॅनियल रसेल यांनी १९९० मध्ये असे मांडले की आधार संकटाच्या जातीशी जुळला पाहिजे. जे बदलता येत नाही त्याच्यासाठी माया लागते, आणि ज्यावर काही इलाज करता येतो त्याच्यासाठी काम आणि माहिती. घटस्फोटाची पंचाईत अशी की त्यात दोन्ही एकाच वेळी असते. संसार मोडल्याचे दुःख कोणाच्या सल्ल्याने हटत नाही. पण त्याच संध्याकाळी भाड्याच्या घराचे डिपॉझिट भरायचे असते, जॉइंट खात्याचे काय करायचे ते ठरवायचे असते आणि गॅसचे कनेक्शन नावावर घ्यायचे असते. रडणाऱ्या मैत्रिणीला ‘खातं आधी वेगळं कर’ म्हटले तर तिला ते कोरडे वाटते. डिपॉझिटसाठी धावाधाव करणाऱ्याला ‘सगळं ठीक होईल रे’ म्हटले तर तो मनातून वैतागतो. दोघे मित्र चांगलेच. मदत चुकीच्या खणात पडली, इतकेच. म्हणून कोणत्या मित्राकडून कोणत्या जातीची मदत घ्यायची हे मागणाऱ्याने आधी स्वतःशी ठरवावे लागते.

एक उदाहरण तपशिलात घेऊ. समजा, पुण्यातली अडतीस वर्षांची बँकेत नोकरी करणारी बाई आहे. तिला नऊ वर्षांची मुलगी आहे. चौदा महिन्यांपूर्वी ती कोथरूडच्या फ्लॅटमधून कर्वेनगरला भाड्याच्या घरात आली. अटी ठरल्या आहेत आणि शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात अर्ज जायचा आहे. तिला तिघांना सांगायचे आहे: साताऱ्याला राहणारी शाळेपासूनची मैत्रीण, बँकेतली सहकारी, आणि कोथरूडच्या सोसायटीतले एक जोडपे, ज्यांच्याशी दोघांचाही घरोबा आहे.

साताऱ्याची मैत्रीण लांब आहे, पुण्यातल्या कोणाला ओळखत नाही, म्हणून मन मोकळे करायला तीच योग्य. तिला सांगायचे ते असे: ‘मी फोन केला की अर्धा तास फक्त ऐक. सल्ला हवा असला तर मी विचारीन. आणि त्याला शिव्या देऊ नकोस. आज बरं वाटेल, पण उद्या मुलीच्या शाळेचं काही बोलताना तुझ्यासमोर त्याचं नाव काढणं मला अवघड जाईल.’ मागणीबरोबर कारणही सांगितले की ती पाळणे सोपे जाते. मैत्रिणीला वाटत असते की नवऱ्याला नावे ठेवणे हीच निष्ठा. तसे नाही, हे तिला कोणीतरी सांगावे लागते.

सहकारी रोज समोर असते, पण तिच्याशी तेवढी जवळीक नाही. तिच्याकडे काम मागायचे, आणि ते दिवस-वेळेसकट: ‘दर महिन्याला कोर्टाची एखादी तारीख असेल. त्या दिवशी मुलीला साडेपाचला क्लासमधून आणून सात वाजेपर्यंत तुझ्याकडे ठेवशील का? चार-पाच वेळाच लागेल. तिला सगळं माहीत आहे, ती काही बोलली तर ऐक, आपणहून विचारू नकोस. आणि ब्रँचमध्ये कोणी विचारलं तर तुला काही माहीत नाही म्हण.’ या मागणीला सुरुवात आहे, शेवट आहे आणि ‘नाही जमणार’ म्हणायला जागा आहे. ती हो म्हणाली की दर वेळी विनवणी करावी लागत नाही, आणि हे बारीक वाटले तरी महत्त्वाचे आहे. नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजनिशा तपासून २००० मध्ये एक निष्कर्ष मांडला. जोडीदाराने आधार दिला पण परीक्षार्थीच्या तो लक्षात आला नाही, असा आधार सर्वांत उपयोगी पडला. लक्षात आलेल्या आधाराने कधी कधी मन आणखी खचले. आपण दुसऱ्यावर ओझे झालो आहोत ही जाणीव मदतीचा गुण खाऊन टाकते. एकदा ठरवून मग गाजावाजा न होता चालणारी व्यवस्था त्यातून बऱ्यापैकी वाचवते.

सोसायटीतल्या जोडप्याचे प्रकरण नाजूक. ते दोघांचेही मित्र, म्हणून त्यांना एकट्याने गाठणे म्हणजे आपल्या बाजूला ओढणे होते. इथे बाईने आणि तिच्या नवऱ्याने आधी आपापसात दोन वाक्ये ठरवून घेतली आणि दोघांनी एकाच रविवारी, शक्य असेल तर एकत्रच जाऊन सांगितले, तर उत्तम. ‘आम्ही वेगळे होतोय. तुम्ही दोघांचेही राहा. इकडचं तिकडे सांगू नका, आणि कोणाची चूक ते तुम्हाला ठरवायला लागू नये म्हणून आम्ही ते सांगतही नाही. गणपतीला दोघांना वेगवेगळं बोलावलंत तरी चालेल, आधी कळवा म्हणजे झालं.’ पुढचे सण-समारंभ असे आधीच बोलून ठेवल्याने त्या जोडप्यावरचे मोठे दडपण उतरते. घटस्फोट घेणाऱ्या जोडप्याला मित्रांनी टाळण्यामागे तिरस्कारापेक्षा कोणाला बोलवावे ही अडचण अधिक वेळा असते.

एवढे करूनही गोष्टी बिनसतात. या उदाहरणात महिन्याभराने सोसायटीतले भाऊजी दोघांनाही एकमेकांच्या नकळत जेवायला बोलावतात आणि आमटी-भात वाढून झाल्यावर विषय काढतात: ‘वहिनी, मुलीकडे बघून तरी एकदा विचार करा.’ अशा वेळी ताटावरून उठून जाणे किंवा तिथेच वाद घालणे, दोन्ही टाळावे. जेवण उरकून, दुसऱ्या दिवशी एकट्या भाऊजींना फोन करून सांगावे: ‘भाऊजी, तुमचा जीव तुटतो ते दिसतं. पण हे ठरलेलं आहे आणि असं पुन्हा झालं तर आम्हा दोघांनाही तुमच्याकडे यायला भीती वाटेल. तुम्हाला काही करायचंच असेल तर शनिवारी सकाळी मुलीला तुमच्या लेकीबरोबर पोहायला न्या.’ नुसता नकार दिला तर मध्यस्थाची शक्ती दुसरीकडे वाहते. नकाराच्या जागी काम दिले तर बहुतेक माणसे खुशीने ते उचलतात. त्यानंतरही तिसऱ्यांदा तोच प्रकार झाला तर मात्र ते घर काही काळ बंद केलेले बरे.

दुसरा बिघाड कळतही नाही, कारण तो मैत्रीसारखाच दिसतो. साताऱ्याचा अर्ध्या तासाचा फोन हळूहळू रोज रात्रीचे दोन तास खाऊ लागतो. तीच दिवाळी, तेच भांडण, सासूचे तेच वाक्य. मैत्री घट्ट होते आणि मन आणखी खाली जाते. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये शाळकरी मुला-मुलींच्या जोड्यांत हेच टिपले होते: दुखऱ्या गोष्टी पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्या मैत्रीत जवळीकही जास्त होती आणि उदासीही. डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नुकत्याच विभक्त झालेल्या प्रौढांवर प्रयोग केला. काहींना वेगळे होण्याबद्दलच्या भावना मोकळेपणी लिहायला सांगितले, काहींना नुसता दिनक्रम. ‘हे असे का झाले’ याचाच विचार सतत करणाऱ्यांच्या बाबतीत दिनक्रम लिहिणारेच काही महिन्यांनी जास्त सावरलेले आढळले. मन मोकळे करणे नेहमी गुणकारी असते ही समजूत तितकीशी खरी नाही. फोन ठेवल्यावर झोप लागते की उडते, आणि आजच्या बोलण्यात कालच्यापेक्षा काही नवे होते का, यावरून ओळखता येते. नवे काही नसेल तर मैत्रिणीलाच सांगून ठेवावे: ‘वीस मिनिटं झाली की तूच विषय बदल. तुझ्या मुलाच्या दहावीचं सांग, काहीही सांग.’

पुरुषांची अडचण वेगळ्या ठिकाणी असते. मन मोकळे करायला पुष्कळदा बायको हीच एक जागा असते, आणि ती तर आता गेलेली. मित्र असतात, पण त्यांच्या आधाराची भाषा एकच: ‘चल, बसूया.’ पहिल्या दोन-तीन बैठकी बऱ्या वाटतात. मग दारू पिऊन केलेले फोन, पहाटे पाठवलेले मेसेज आणि ऑफिसला दांड्या सुरू होतात, आणि मुलांच्या ताब्याचा वाद उभा राहिला तर समोरचा वकील नेमके तेच मांडतो. पुरुषाने मित्राकडे मागायचे ते बोलायला लावणार नाही असे काहीतरी. ‘बसायला नको. रविवारी सहाला पर्वती चढायला ये. मी बोललो तर बोललो, नाही तर नाही.’ शेजारी चालणाऱ्या माणसाकडे बघावे लागत नाही, आणि बहुतेक पुरुषांचे तोंड तिथेच उघडते. ज्याच्याकडे असा एकही मित्र नाही त्याने उगाच कोणाला गळ घालण्यापेक्षा समुपदेशकाची वेळ घ्यावी.

मित्रांकडून काही गोष्टी घेऊच नयेत. स्वतः घटस्फोटातून गेलेली मैत्रीण कोर्टाचे वातावरण कसे असते, तारखेला किती वाजता पोचावे, कोणते कागद बरोबर ठेवावेत, हे इतर कोणाहीपेक्षा चांगले सांगते. पण तिला किती पोटगी मिळाली यावरून आपली मागणी ठरवणे चुकीचे, कारण उत्पन्न, मुलांचे वय, घराची मालकी आणि लग्नाची वर्षे यांवर ती ठरते. ‘माझ्या वकिलाने तर पन्नास टक्के मिळवून दिले’ यासारखी वाक्ये जुळत आलेल्या अटी मोडतात. उसने पैसे घ्यायचे झाले तर रक्कम आणि परतीची तारीख लिहून द्यावी. मैत्री पैशाने तुटते हे तर आहेच, शिवाय कोणाचे कोणावर किती देणे आहे हे कोर्टापुढच्या उत्पन्न-मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्रातही दाखवावे लागते.

घरात मारहाण, धमक्या किंवा पाळत असेल तर वर सांगितलेला सारा क्रम उलटा होतो. तिथे अटी ठरेपर्यंत थांबायचे नाही आणि नवऱ्याबरोबर मिळून वाक्ये ठरवायची नाहीत. घर सोडायच्या बेताची माहिती फक्त एकाच विश्वासू माणसाला द्यायची, आणि त्याच्याकडून मागायचे ते ठोस: आधारकार्ड, पासबुक, मुलांचे दाखले आणि चार कपडे यांची पिशवी त्याच्या घरी ठेवणे, ठरलेला एक शब्द मेसेजमध्ये आला की ११२ ला फोन करणे. लिहून पाठवायचे नाही हा नियमही इथे लागू नाही. घटना घडली त्या दिवशी तारखेसकट मैत्रिणीला पाठवलेला मेसेज पुढे उपयोगी पुरावा ठरू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि ती बाईच्या वतीने दुसरा कोणीही कळवू शकतो. मित्राला हे माहीत असलेले बरे. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइनही आहे. आणि कोणीही, बाई असो की पुरुष, ‘जगून काय करू’ असे बोलू लागला तर मित्राने ते गुपित म्हणून पोटात ठेवू नये. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासमोरच लावून द्यावा आणि घरातल्या एखाद्या माणसाला कळवावे. हे आपण करू, असे त्याने तोंडावर सांगूनच करावे.

मागण्या एकदा केल्या की कायमच्या झाल्या असे नाही. अर्ज जाण्याआधी माहिती आणि धावपळीची मदत लागते. थांबण्याच्या सहा महिन्यांत कामे कमी होतात आणि एकटेपणा वाढतो, विशेषतः मूल दुसऱ्याकडे असते त्या शनिवार-रविवारी. तेव्हा मैत्रिणीला कळवावे: ‘आता क्लासचं आणणं-नेणं नको, पण महिन्यातून दोन शनिवार जेवायला येऊ का?’ मदत बंद करायची तीही सांगूनच, नाहीतर सहकारी उगाच तारखा लक्षात ठेवत बसते.

हुकूम झाल्यावर शेवटचे एक काम उरते. ज्यांना ‘कोणाला सांगू नका’ म्हटले होते त्यांना त्या बंधनातून मोकळे करायचे. ते न केल्यामुळे मित्र वर्षभराने भेटलेल्या ओळखीच्या माणसांपुढेही चाचरत राहतात आणि ‘अजून चालू आहे बहुतेक’ असे सांगत राहतात. कुटुंब न्यायालयाने दोघांच्या संमतीने दिलेल्या हुकुमावर अपील होत नाही, त्यामुळे फार दिवस थांबण्याचेही कारण नसते. ‘हुकूम झाला. आता कोणी विचारलं तर सरळ सांगा. कारण मात्र आपल्यातच राहू दे’ एवढा मेसेज तिघांना एकाच दिवशी पाठवला की पुरते.